कॉमेंटमधली चौकट का वाकते?

प्रोग्राम लिहिणारे कधी कधी कोडच्या कॉमेंटमध्ये, म्हणजे संगणक वाचत नाही अशा टिपणात, छोटी आकृती काढतात. त्यासाठी ना रंग लागतो ना कुंचला. कीबोर्डवरची `+`, `-`, `|` आणि `>` एवढी चिन्हे पुरतात. ही चाल जुनी आहे. इंटरनेटच्या टीसीपी या नियमावलीचा 1981 चा दस्तऐवज, आरएफसी 793, अशाच आकृत्यांनी भरलेला आहे.

```
// +------+     +------+
// | cart |---->| bill |
// +------+     +------+
```

या चौकटी सरळ उभ्या राहतात त्या एकाच अटीवर: प्रत्येक अक्षराने सारखीच जागा घ्यायला हवी. म्हणून फाँट समान रुंदीचा लागतो. कोडचे एडिटर सहसा तोच वापरतात, त्यामुळे खरी कुरापत काढते ती टॅबची कळ.

वरच्या आणि खालच्या ओळीत दोन चौकटींमध्ये पाच स्पेस आहेत. तिथे कुणी टॅब दाबला असे समजू. टॅबला स्वतःची ठरावीक रुंदी नसते. तो पुढच्या थांब्यापर्यंत उडी मारतो. पहिली चौकट अकराव्या स्तंभावर संपते. थांबे आठ-आठ स्तंभांवर असतील तर टॅब सोळापर्यंत जातो आणि आकृती बिनचूक दिसते. सहकाऱ्याच्या एडिटरमध्ये ते चार-चारवर असले की टॅब बारालाच थांबतो. दुसऱ्या चौकटीचे छत आणि तळ चार घरे डावीकडे सरकतात. मधल्या ओळीत टॅब नसल्याने `bill` मात्र जागच्या जागी राहते. संशय आला तर एडिटरमध्ये टॅबची रुंदी बदलून पाहावी. चौकट हलली, तर चोर तोच. ओळीच्या अगदी सुरुवातीला, `//` च्या आधी, सर्व ओळींत सारखेच टॅब असतील तर बिघडत नाही, कारण अख्खी आकृती एकदम सरकते.

आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे. चौकटीत `bill` ऐवजी ‘पावती’ लिहिले की उजवी भिंत ढळते. संगणकाच्या हिशेबी ही पाच चिन्हे, डोळ्यांना तीन अक्षरे, आणि बहुधा दुसऱ्याच फाँटमधून आलेली. त्यांची रुंदी एडिटरगणिक बदलते. म्हणून चौकटीत A, B अशा खुणा ठेवून मराठी अर्थ आकृतीखाली वेगळ्या ओळीत द्यावा. त्या ओळीच्या उजवीकडे जुळवायचे काहीच नसते.

तिरप्या बाणांच्या बाबतीत मात्र नुसती आकृती बिघडून भागत नाही.

```
//  A
//   \
total = 0;
```

सी आणि सी++ मध्ये ओळीच्या शेवटी `\` आले की पुढची ओळ तिलाच जोडली जाते. इथे `total = 0;` हीसुद्धा कॉमेंट होऊन बसते आणि कधीच चालत नाही. जीसीसीला `-Wall` दिले तर तो इशारा देतो. `\` नंतर नुसती स्पेस टाकून जीसीसीत सुटका होत नाही. तिच्या पुढे एखादे दिसणारे चिन्ह, अगदी `.` का होईना, ठेवावे लागते.