आईचा फोन, मुलांची प्रोफाइल

घरातला पडदा : भाग सहावा

मागच्या भागात ॲपमधल्या खरेदीला कुलूप कसं लावायचं ते पाहिलं. त्यानंतर बहुतेक वाचकांनी एकच गोष्ट विचारली: मुलीला बडबडगीतं लावून दिली, तरी दहा मिनिटांनी पडद्यावर खुनाच्या तपासाच्या मालिका का येतात? आणि त्याखाली लोक जे काही लिहितात, ते तिच्या नजरेआड कसं ठेवायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. फोन कुणाच्या हातात आहे हे यूट्यूबला दिसत नाही, त्याला फक्त खातं दिसतं. माझ्या मावसबहिणीच्या घरचंच उदाहरण घेऊ. तिची मुलगी सहा वर्षांची, मुलगा अकरा वर्षांचा. पाहण्यासाठी मुलांकडे दोनच जागा: आईचा अँड्रॉइड फोन आणि हॉलमधला टीव्ही, आणि दोन्हींवर आईचंच खातं. आई रात्री स्वयंपाकघर आवरताना गुन्हेगारी मालिका ऐकते, मुलगा गेमचे व्हिडिओ पाहतो, मुलगी गाणी. हे सगळं एकाच इतिहासात जमा होतं आणि त्याच गाठोड्यातून पुढच्या शिफारशी निघतात. मुलीच्या गाण्याखाली मृतदेहाचं चित्र दिसतं ते याच कारणाने. उलटंही घडतं. आईच्या पहिल्या पानावर निम्मी जागा रंगीत ट्रॅक्टर अडवून बसतात.

अशा वेळी पालकांचा हात पहिल्यांदा Restricted Mode या बटणाकडे जातो. ते वाईट नाही, पण ते काय करतं हे नीट समजून घ्यायला हवं. यूट्यूबने प्रौढांसाठीचे मानलेले बरेच व्हिडिओ ते गाळतं आणि सगळ्याच व्हिडिओंखालच्या प्रतिक्रिया लपवतं. म्हणजे प्रतिक्रियांचा प्रश्न एका झटक्यात मिटतो. पण हे बटण त्या-त्या उपकरणापुरतं आणि त्या-त्या ब्राउझरपुरतंच असतं. फोनवर चालू केलं म्हणून टीव्हीवर लागू होत नाही, आणि लॅपटॉपवर दोन ब्राउझर असतील तर दोन्हीकडे वेगळं चालू करावं लागतं. शिवाय ज्या सेटिंगमध्ये जाऊन आपण ते चालू केलं, तिथूनच अकरा वर्षांचा मुलगा ते बंद करू शकतो. मुख्य म्हणजे शिफारशी आईच्याच इतिहासातून येत राहतात, फक्त चाळणीतून. आईलाही तीच चाळणी लागते. चार दिवसांत तिला हवा तो व्हिडिओ सापडेनासा होतो आणि बटण कायमचं बंद होतं. तेव्हा हे बटण आजोबांच्या टीव्हीसाठी ठेवावं. मुलांसाठी स्वतंत्र प्रोफाइल हवी.

धाकटीसाठी यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप घ्यावं. भारतात ते 2016 पासून आहे. आईच्या फोनवर चालणाऱ्या घरांत मला ते सोयीचं वाटतं, कारण त्यात मुलासाठी वेगळं गूगल खातं काढावं लागत नाही. आईच्याच खात्याखाली मुलीची प्रोफाइल तयार होते, पण तिचा पाहण्याचा इतिहास वेगळा राहतो. या ॲपमध्ये प्रतिक्रिया हा भागच नाही. वाचायच्याही नाहीत, लिहायच्याही नाहीत. त्यामुळे तेवढ्यासाठी कुठलं बटण शोधत बसावं लागत नाही.

ॲप उघडल्यावर आपण पालक आहोत हे सांगून आईच्या खात्याने आत जायचं. हा टप्पा बरेच जण टाळतात, कारण खात्याशिवायही ॲप चालतं. पण मग एखादं चॅनल अडवण्याची सोय मिळत नाही, म्हणून तो टाळू नये. पुढे मुलीचं नाव आणि वय विचारतात. नावाच्या जागी टोपणनाव चालतं आणि तेच टाकावं. मग वयोगट: Preschool म्हणजे चार वर्षांपर्यंत, Younger म्हणजे पाच ते आठ, Older म्हणजे नऊ ते बारा. आपल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी अर्थातच मधला. ‘आमची फार हुशार आहे’ म्हणून वरचा गट देऊ नये. तिथे गेमचे आणि लोकप्रिय गाण्यांचे व्हिडिओ सुरू होतात, आणि हुशारीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. त्याच पानावर शोधाची सोय चालू-बंद करता येते. ती बंद ठेवली की उपलब्ध व्हिडिओंचा साठा आणखी लहान होतो. सहा वर्षांच्या मुलीला ते पुरतं.

चौथा पर्यायही आहे: Approve content yourself. यात आपण निवडलेले व्हिडिओ आणि चॅनलं एवढंच दिसतं, शोध नसतोच. सगळ्यात पक्की वाट हीच, पण यादी भरायचं काम आपलं. यादी लहान असेल तर दोन दिवसांत मूल कंटाळतं आणि पुन्हा आईचं यूट्यूब मागतं. म्हणून ज्या घरात यादीत दर आठवड्याला भर घालणारं कुणीतरी आहे, त्यांनीच या वाटेला जावं.

आता कुलूप. ॲपच्या कोपऱ्यात कुलपाचं चित्र असतं, त्यातून पालकांच्या सेटिंगमध्ये जाता येतं. तिथे सुरुवातीला अडथळा म्हणून गुणाकार विचारतात. ज्या घरात संध्याकाळी पाढे म्हणून घेतात, तिथे हे कुलूप दुसरी-तिसरीपर्यंतच टिकणार. त्याऐवजी स्वतःचा चार आकडी कोड ठेवण्याची सोय तिथेच आहे. फोन उघडण्याचा आकडा मात्र तिथे वापरू नका, तो मुलांना पाठ असतो.

एवढं करूनही एक भगदाड उरतं आणि बहुतेक घरांत गोष्ट तिथेच फसते. किड्सच्या शेजारीच आईचं मूळ यूट्यूब असतं. मुलगी मागे जाऊन त्या लाल चित्रावर बोट ठेवते आणि सगळी मांडणी निकालात निघते. यावर उपाय फोनच्या सेटिंगमध्ये आहे. अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या भागात App pinning सापडतं, काही फोनवर त्याला Screen pinning म्हणतात. ते चालू करून बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्यायही चालू करायचा. मग किड्स उघडायचं, अलीकडे उघडलेल्या ॲपचा पडदा आणायचा, किड्सच्या चित्रावर दाबून Pin निवडायचं. आता मुलगी त्या ॲपबाहेर पडू शकत नाही. आयफोनवर हेच काम Guided Access करतं. फोन मुलीच्या हातात देताना प्रत्येक वेळी हे करावं लागतं. सवय झाली की दोन-तीन सेकंदांचं काम आहे, पण सवय लागेपर्यंत राहून जातं, विशेषतः पाहुणे आले की.

थोरल्याचं गणित वेगळं. अकरा वर्षांच्या मुलाला किड्स ‘बाळांचं’ वाटतं आणि तो ते उघडणार नाही. त्याच्यासाठी यूट्यूबने 2021 मध्ये देखरेखीखालच्या खात्याची सोय जाहीर केली. फॅमिली लिंकमधून मुलाचं स्वतःचं गूगल खातं काढायचं, खरी जन्मतारीख टाकायची आणि मग पालकाने पातळी निवडायची. पातळ्या तीन: Explore साधारण नऊच्या पुढे, Explore More साधारण तेराच्या पुढे, आणि Most of YouTube, ज्यात अठरा वर्षांवरच्यांसाठीचे व्हिडिओ वगळून जवळजवळ सगळं येतं. असं खातं मुलाच्या स्वतःच्या टॅबवर किंवा टीव्हीवर चांगलं बसतं. आईच्याच फोनमध्ये ते कोंबायचा खटाटोप करू नये.

पातळी निवडताना पालक व्हिडिओंचा विचार करतात, प्रतिक्रिया मात्र विसरतात. तिन्ही पातळ्यांत मुलाला प्रतिक्रिया लिहिता येत नाही. पण वाचण्याचं तसं नाही. Explore मध्ये त्या दिसत नाहीत, वरच्या दोन पातळ्यांत वाचायला दिसू शकतात. म्हणजे मुलाने एखाद्या गेमच्या चॅनलसाठी हट्ट धरला आणि तेवढ्यासाठी आपण Explore More केलं, तर चॅनलबरोबर प्रतिक्रियांचं दारही उघडतं. गेमच्या व्हिडिओंखाली काय भाषा चालते हे एकदा आपल्या खात्यातून वाचून पाहा आणि मग ठरवा.

मांडणी नीट बसली की नाही, हे तपासताना बरेच जण फसतात. प्रोफाइल उघडतात, बडबडगीत लावतात, खाली प्रतिक्रिया नाहीत हे पाहून निश्चिंत होतात. पण ‘मुलांसाठी’ अशी नोंद असलेल्या व्हिडिओंखाली 2020 पासून कुणालाच प्रतिक्रिया दिसत नाहीत, तुमच्या खात्यातूनही नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मुलांच्या माहितीवरून 2019 मध्ये 17 कोटी डॉलरचा दंड ठोकला, त्यानंतरच्या बदलांपैकी हा एक. तेव्हा परीक्षा मोठ्यांच्या व्हिडिओवर घ्या. एखादं गाजलेलं चित्रपटगीत आधी आपल्या खात्यात लावून खाली प्रतिक्रिया आहेत याची खात्री करा. मग तेच गाणं मुलाच्या खात्यातून उघडा. गाणं चाललं आणि खालची चौकट गायब असली, तर मांडणी बरोबर आहे. गाणंच सापडलं नाही, तर ते त्या पातळीत बसत नाही. तेव्हा दुसरं घ्या.

शिफारशींची परीक्षा एका दिवसात होत नाही, कारण नव्या प्रोफाइलला मुलाची आवड माहीत नसते. आठवडाभराने मुलाच्या प्रोफाइलचं पहिलं पान स्वतः उघडून खालपर्यंत सरकवत जा. किड्समध्ये खटकणारं दिसलं तर शेजारच्या तीन ठिपक्यांतून तो व्हिडिओ किंवा अख्खं चॅनल अडवता येतं. पाहण्याचा इतिहास पुसण्याची आणि थांबवण्याची सोय पालकांच्या सेटिंगमध्ये आहे. एखादा चुकीचा विषय चिकटला, तर एकेक व्हिडिओ अडवत बसण्यापेक्षा इतिहास पुसून टाकलेला बरा. मात्र चॅनल अडवलं म्हणजे तोच व्हिडिओ दुसऱ्या चॅनलवरून येणार नाही असं नाही. 2017 मध्ये लाडक्या कार्टून पात्रांचे वेश घातलेले विकृत व्हिडिओ किड्स ॲपमध्येही शिरले होते आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. गाळणी मुख्यतः यंत्राची, आणि अशा व्हिडिओंची शीर्षकं आणि चित्रं यंत्राला चकवण्यासाठीच तयार केलेली असतात. म्हणून सहा वर्षांच्या मुलीच्या हातात किड्स देताना फोनचा आवाज चालू ठेवा, इअरफोन देऊ नका. स्वयंपाकघरातून ऐकू येणाऱ्या किंचाळ्यांवरून बरंच कळतं.

टीव्हीवर शेवटचं काम उरतं. यूट्यूब उघडलं की कोण पाहतंय हे विचारणारा पडदा येतो, तिथे मुलीची किड्स प्रोफाइल आणि मुलाचं खातं, दोन्ही दिसायला हवीत. आईचं खातंही त्याच रांगेत असतं आणि घाईत रिमोट त्यावरच पडतो. म्हणून टीव्हीवर आईच्या खात्यात Restricted Mode चालू ठेवावा. तिच्या मालिका ती फोनवर पाहतेच. आणि मुलाला एखादा व्हिडिओ Explore मध्ये मिळालाच नाही, तर पातळी वाढवू नका. आईने तो आपल्या फोनवर लावावा, शेजारी बसून पाहावा आणि संपल्यावर आपल्या इतिहासातून काढून टाकावा. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून तिच्या मालिकांमध्ये गेमचे व्हिडिओ यायला लागतात.

(पुढच्या भागात : मोठ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून मुलांपर्यंत येणारे व्हिडिओ)