टीव्हीवरचा खेळ अडखळतो, धूसर दिसतो : दोष कुणाचा?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नागपुरास ताईकडे गेलो होतो. भाचा दहावीत आहे. त्याने वर्षभर साठवलेल्या पैशांतून एक कंट्रोलर घेतला होता आणि टीव्हीवर क्लाऊड गेमिंगचे महिन्याचे वर्गणीपत्रही सुरू केले होते. पण आम्ही पोहोचलो तेव्हा घरात धुसफूस चालू होती. बटण दाबल्यावर पडद्यावरचा माणूस उशिरा उडी मारी, आणि गाडी वेगात निघाली की सारे चित्र धुक्यात शिरल्यासारखे होई. नेटवाल्याने सांगितले, "मोठा प्लॅन घ्या." भाऊजींनी ५० एमबीपीएसचा १५० केला. दरमहा खर्च वाढला, खेळ होता तसाच राहिला. आता टीव्हीच बदलावा, हप्त्यावर मिळतो, अशी बोलणी चालू होती.

आम्ही ताईला म्हटले, "टीव्ही घेण्याआधी दोन दिवस आम्हाला दे." त्या दोन दिवसांत जे आढळून आले ते येथे देत आहोत.

खेळ घरात चालत नाही

प्रथम एक गोष्ट समजून घ्यावी. या प्रकारात खेळ आपल्या टीव्हीत चालत नसतो, तो दूरच्या शहरातील संगणकावर चालतो. आपण बटण दाबले की तो इशारा कंट्रोलरकडून टीव्हीकडे, टीव्हीकडून राउटरकडे आणि तेथून त्या संगणकाकडे जातो. तिकडे नवे चित्र तयार होते, ते दाबून लहान केले जाते आणि व्हिडिओच्या रूपाने परत येते. टीव्ही ते उलगडून दाखवतो. या सगळ्या येरझाऱ्यात थोडा थोडा वेळ जातो. सिनेमा पाहताना टीव्ही काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवतो, म्हणून नेट क्षणभर अडखळले तरी आपल्याला कळत नाही. खेळात पुढचे चित्र आपल्या बोटावर अवलंबून असल्याने असा साठा करताच येत नाही. "सिनेमा तर छान चालतो, मग नेट वाईट कसे?" या भाऊजींच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते.

आधी मोजावे

उशीर आणि धूसरपणा हे दोन वेगळे आजार आहेत. उशीर मोजण्याची सोपी रीत अशी. मोबाईलच्या कॅमेऱ्यात स्लो मोशनची २४० फ्रेमची सोय असेल तर ती लावावी आणि कंट्रोलरवरचा अंगठा व पडदा दोन्ही दिसतील असे चित्रण करावे. मग ते एकेक फ्रेम पुढे सरकवून, बटण दबल्यापासून उडी सुरू होईपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजावे. एक फ्रेम म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. आम्ही दहा उड्यांची सरासरी काढली. ६२ फ्रेम, म्हणजे पाव सेकंदाहून थोडे अधिक. भाच्याला हायसे वाटले. "मामा, म्हणजे माझा हात मंद नाही!" तो म्हणाला.

टीव्हीची स्वतःची दिरंगाई

आजचे टीव्ही चित्र आल्याबरोबर दाखवत नाहीत, आधी त्याला नटवतात. हालचाल मऊ दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये तिसरे चित्र रचून घालतात. त्यासाठी पुढचे चित्र येईपर्यंत आधीचे रोखून धरावे लागते. सिनेमात त्याने काही बिघडत नाही, पण खेळात हाच उशीर होतो. यावर उपाय म्हणजे चित्राच्या सेटिंगमधील Game Mode. एखादे यंत्र HDMI च्या तारेने जोडलेले असले तर ते टीव्हीला "आता खेळ चालू आहे" असे आपोआप कळवू शकते. टीव्हीतल्याच ॲपमध्ये खेळताना मात्र ही मोड आपोआप लागेलच असे नाही, ती हाताने लावावी लागू शकते. ताईच्या टीव्हीवर ती बंदच होती. ज्या टीव्हीवर ॲपसाठी ही सोय मिळत नाही, तेथे हालचाल मऊ करणारी सोय स्वतंत्रपणे बंद करावी. एलजीवर तिला TruMotion म्हणतात, सोनीवर Motionflow. सोबत नॉइज रिडक्शनही बंद करावे.

एवढे केल्यावर ६२ च्या ४५ फ्रेम झाल्या, आणि तेही एक पैसा खर्च न करता.

वेग पुरेसा, पण सलगपणा नाही

आता नेट पाहू. पूर्ण एचडी चित्रासाठी २० ते २५ एमबीपीएस लागतात. जीफोर्स नाऊ ही सेवा १०८० रेषांच्या, सेकंदाला ६० चित्रांच्या खेळासाठी २५ एमबीपीएस मागते. म्हणजे भाऊजींचा जुना ५० चा प्लॅनही पुरेसा होता. कमतरता होती ती सलगपणाची. राउटर दाराजवळच्या खोलीत आणि टीव्ही दोन विटांच्या भिंतींपलीकडे होता. टीव्हीने २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय पकडला होता, आणि शेजारच्या घरांचे वायफायही त्याच पट्ट्यात गर्दी करत होते.

हे ताडून पाहण्यासाठी भाच्याचा लॅपटॉप त्याच वायफायवर लावून टीव्हीशेजारी ठेवला आणि ही आज्ञा दिली. शेवटचे आकडे म्हणजे राउटरचा पत्ता, तो बहुधा राउटरखालच्या चिठ्ठीवर असतो :

```
ping -n 50 192.168.1.1
```

ही हाक घराबाहेर जातच नाही, केवळ राउटरला मारून परत येते. तिला दरवेळी दोन-चार मिलिसेकंद लागायला हवेत. आम्हाला ३, ४, ३ आणि मध्येच ९०, १४० असे आकडे दिसले. हे उंच आकडेच खेळाचे शत्रू होत. चित्राचे तुकडे असे रखडले की पलीकडचा संगणक समजतो, वाट अरुंद झाली आहे, आणि तो चित्राचा दर्जा उतरवतो. धूसरपणाचे मूळ येथे होते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी गर्दीचा असतो, पण भिंतींपलीकडे तो दुबळा पडतो. राउटर टीव्हीच्याच खोलीत असेल तर तो उत्तम. ताईचे घर भाड्याचे, भिंतीला भोक पाडण्याची सोय नाही. म्हणून आम्ही १५ मीटरची लॅन केबल आणली आणि चौकटीच्या कडेकडेने खिळपट्ट्या लावून टीव्हीपर्यंत नेली. खर्च काही शे रुपये.

येथे एक गंमत झाली. केबल लावल्यावर टीव्हीवरील वेगाची चाचणी ९४ एमबीपीएस दाखवू लागली. मोबाईलवर राउटरजवळ मात्र १४५ येत होते. भाऊजी म्हणाले, "हे तर कमी झाले!" पुष्कळ टीव्हींच्या लॅनच्या खाचेची मर्यादाच १०० एमबीपीएस असते. खेळाला २५ पुरतात. केबलवर लॅपटॉप लावून तीच हाक पुन्हा दिली तेव्हा पन्नासही वेळा १ मिलिसेकंदच आला. उडी ३४ फ्रेमवर आली आणि धुके जवळजवळ विरले.

कंट्रोलर

कंट्रोलर ब्लूटूथवर चालतो, आणि ब्लूटूथही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलते. टीव्ही वायफायवर असेल तर दोघांची एकाच गल्लीत रेटारेटी होते, म्हणून टीव्हीला केबल लावण्याचा लाभ कंट्रोलरलाही मिळतो. दोष कंट्रोलरचा आहे का, हे पाहण्यासाठी त्यानेच टीव्हीच्या स्वतःच्या मेनूत फिरावे. तेथे नेट मध्ये येत नाही. मेनूतही चौकट उशिरा सरकत असेल तर दोष कंट्रोलरच्या जोडणीत किंवा टीव्हीत आहे. मेनू चटकन हलतो पण खेळ रेंगाळतो, असे असेल तर दोष नेटकडे शोधावा.

भाचा ब्लूटूथचे इअरफोनही त्याच टीव्हीला जोडत असे. त्यात आवाज चित्राच्या मागून येतो आणि हात मंद असल्याचा भास होतो, शिवाय रेडिओवरचा भार वाढतो. ते काढायला लावले. टीव्ही मान्य करत असेल तर कंट्रोलर यूएसबी तारेने जोडावा. आम्ही तसे केले आणि ३४ च्या ३० फ्रेम झाल्या. ही बचत लहान आहे, तेव्हा केवळ एवढ्यासाठी नवा कंट्रोलर घेऊ नये.

संध्याकाळचे कोडे

एवढे करूनही रात्री नऊच्या सुमारास खेळ पुन्हा अडखळू लागला. शोध घेता ताईचा मोबाईल त्या वेळी दिवसभराचे फोटो वर चढवत असल्याचे दिसले. वर जाणारी वाट भरली की राउटरपाशी रांग लागते आणि बटणाचा इशारा त्या रांगेत मागे उभा राहतो. काही राउटरांत QoS नावाची सोय असते. तीत वरची आणि खालची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५-९० टक्के ठेवली की रांग आटोक्यात राहते. ताईच्या राउटरात ती नव्हती. म्हणून फोटो चढवण्याची वेळ मध्यरात्रीनंतर ठेवली. कोडे सुटले.

काय सुटत नाही

काही गोष्टी आपल्या हाती नाहीत. काचेच्या तारेतून प्रकाश हजार किलोमीटर जाऊन परत येण्यास सुमारे १० मिलिसेकंद घेतो. संगणक सिंगापुरात असेल तर मुंबईहून जाण्यायेण्यातच ४० च्या आसपास जातात, आणि ते कोणत्याही सेटिंगने कमी होत नाहीत. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी ती सेवा आपल्या देशात अधिकृतपणे चालते का, हे पाहावे. एक्सबॉक्सची क्लाऊड सेवा भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली.

तसेच पाऊस, गवत, वेगाने वळणारा रस्ता अशी दृश्ये दाबलेल्या व्हिडिओत थोडी विरघळतातच. थांबल्यावर चित्र लगेच स्वच्छ होत असेल तर तो दोष मानू नये. उभ्या चित्रातली अक्षरेही कायम पुसट असतील तर सेवेच्या सेटिंगमध्ये दर्जा खालचा निवडला आहे का, हे बघावे. टीव्हीची Sharpness वाढवल्याने मात्र चौकोनी ठिपके तेवढे ठळक होतात.

शेवटी खर्चाचा हिशेब. २० एमबीपीएसने एक तास खेळल्यास ९ जीबी डेटा जातो. प्लॅनला महिन्याची मर्यादा असेल तर रोज दोन तासांचे ५४० जीबी होतात, हे आधी मांडून बघावे. मोबाईलच्या डेटावर हा खेळ परवडत नाही.

ताईने नव्या टीव्हीचा विचार सोडला आणि भाऊजींनी पुढच्या महिन्यापासून पुन्हा ५० चा प्लॅन घेतला. खेळ तसाच सुरळीत आहे. वाचकांच्या घरी हाच त्रास असेल तर त्यांनीही याच क्रमाने जावे : आधी Game Mode, मग केबल, मग कंट्रोलर, मग रांग. आणि प्रत्येक पायरीनंतर उडीच्या फ्रेम पुन्हा मोजाव्यात, म्हणजे पैसे कोठे घालायचे आणि कोठे नाही ते आपोआप कळेल.