द्राक्षांच्या निर्यातीतील नासाडीचा हिशेब : 1991 पासूनचा मागोवा

1991 मध्ये महाराष्ट्रातील द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्था ‘महाग्रेप्स’च्या रूपाने एकत्र आल्या, तेव्हा युरोपच्या बाजारपेठेसाठी आखलेल्या व्यापारात खरी उणीव द्राक्षांची नव्हती, तर पूर्वशीतकरणाची, म्हणजे तोडलेल्या घडात साठलेली शेतातली उष्णता थंड हवेच्या जोरदार झोताने काही तासांत काढून घेण्याच्या सोयीची होती. वातानुकूलित कंटेनर मिळाला की माल आपोआप थंड होईल, ही त्या काळची समजूत महागात पडणारी होती. कारण असा कंटेनर थंड माल थंड राखण्यासाठी बांधलेला असतो, गरम माल गार करण्याचे बळ त्याच्यात फारसे नसते.

फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तोडलेले क्रेट दुपारभर बांधावर राहिले, तर मण्यांआधी देठ सुकतो. मणी टवटवीत दिसत असल्याने पॅकहाऊसमध्ये कोणाच्या काही लक्षात येत नाही, पण तीन आठवड्यांनी युरोपच्या बंदरात पेटी उघडली की देठ तपकिरी निघतात आणि मणी गळतात. वाटेत तापमान खालीवर झाल्यास पेटीतील प्लॅस्टिकच्या आत दव धरते. बुरशी रोखण्यासाठी ठेवलेल्या कागदातून गंधकाचा वायू त्या ओलाव्यामुळे एकदम सुटतो आणि मण्यांवर फिकट डाग पडतात. नुकसान असे एका टोकाला होते आणि दिसते दुसऱ्या टोकाला.

आराखड्यात मात्र नासाडी बराच काळ एका ठोक टक्केवारीत, तीही बांधावरील भावाने मांडण्याचा प्रघात होता. समजा, 13,000 किलोच्या कंटेनरवर खरेदी, पॅकिंग, शीतकरण व जहाजभाडे मिळून किलोमागे 130 रुपये, म्हणजे एकूण 16.90 लाख रुपये खर्च आला आणि विक्री 150 रुपयांनी झाली. नासाडी 5 टक्के असेल तर 1,62,500 रुपये उरतात. ती 12 टक्क्यांवर गेली की उरतात अवघे 26,000, आणि 13 टक्क्यांच्या थोडे पुढे तोटा सुरू होतो. कुजलेल्या किलोनेही भाडे आणि वीज खाल्लेली असते. म्हणून त्याची किंमत बांधावरची नव्हे, बंदरावरची धरावी लागते.

2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबला, तेव्हा ठोक टक्केवारीचा दुबळेपणा उघडा पडला, कारण तिच्यात दिवसांना जागाच नव्हती. सावध निर्यातदाराच्या हिशेबात आता तोडणी ते शीतकरण यांतील तास आणि प्रवासाचे दिवस वेगवेगळे येतात; कंटेनरचे दार लावण्यापूर्वी मण्यात तापमापकाची सुई खुपसून गराचे तापमान नोंदले जाते आणि आकडा शून्य ते दोन अंशांच्या वर निघाला, तर पेट्या पुन्हा शीतकक्षात परततात.