सुट्टीआधी मेलचा आउटबॉक्स तपासा

दिवाळीच्या सुट्टीवर निघताना बरेच जण पुढच्या तारखेच्या मेल आधीच लिहून वेळ लावून ठेवतात. त्या मेल नेमक्या कुठे थांबल्या आहेत, हे मात्र निघण्यापूर्वी बघायला हवं.

जीमेलमध्ये अशी मेल गूगलच्या सर्व्हरवर थांबते. लॅपटॉप बंद असला तरी ती ठरल्या वेळी जाते. नव्या आउटलुकमध्ये आणि ब्राउझरमधल्या आउटलुकमध्येही तसंच. जुन्या, संगणकावर बसवलेल्या आउटलुकचं गणित वेगळं आहे. तिथे `Do not deliver before` वापरून वेळ लावली आणि खातं पॉप किंवा आयमॅप पद्धतीचं असलं, तर मेल तुमच्याच यंत्रावरच्या आउटबॉक्समध्ये पडून राहते. ती जायला आउटलुक त्या वेळी सुरू असावं लागतं.

समजा, एका पुरवठादाराने शुक्रवारी दरपत्रक लिहून सोमवारी सकाळी दहाची वेळ लावली. दर बुधवारपर्यंतच लागू, असं त्यात लिहिलं. संध्याकाळी लॅपटॉप मिटला आणि तो गावी गेला. सोमवारी काहीच गेलं नाही. दहा दिवसांनी त्याने आउटलुक उघडलं, तेव्हा ती मेल आपोआप निघाली आणि मुदत संपलेले दर ग्राहकाच्या हाती पडले.

तपासतानाही एक काळजी घ्या. जुन्या आउटलुकच्या आउटबॉक्समध्ये पाठवायच्या रांगेतली मेल तिरक्या अक्षरांत दिसते. ती उघडून नुसतीच बंद केली, तर अक्षरं सरळ होतात आणि मेल रांगेतून बाहेर पडते. मग ती आउटबॉक्समध्ये दिसते, पण जात नाही. उघडली असेल तर पुन्हा `Send` दाबायचं आणि अक्षरं तिरकी झाली ना, ते बघायचं.

जीमेलमध्ये डावीकडच्या `Scheduled` मध्ये जाऊन एकेक मेल वाचा. मजकुरात 'उद्या', 'आज दुपारी', 'मला फोन करा' असं काही असेल, तर ते पोचण्याच्या दिवशी खरं ठरेल का, हे पाहा. बदल करायचा असेल तर आधी पाठवणं रद्द करावं लागतं. रद्द केलेली मेल ड्राफ्टमध्ये जाते, म्हणून दुरुस्तीनंतर वेळ पुन्हा लावायला विसरू नका.

शेवटी ड्राफ्ट. अर्धवट राहिलेलं उत्तर मूळ संभाषणाच्या तळाशी दडून बसतं आणि उत्तर दिलं, असा आपलाच समज होतो. जीमेलच्या शोधपट्टीत `in:drafts` टाइप केलं की असे सगळे मसुदे समोर येतात. त्यांतला जो सुट्टीभर थांबू शकत नाही तो पूर्ण करून आजच पाठवा, आणि निरुपयोगी झालेले काढून टाका. जो परत आल्यावरच पूर्ण होणार आहे, त्याबद्दल समोरच्याला तारखेसह दोन ओळी कळवा. सुट्टीचं आपोआप जाणारं उत्तर नव्याने मेल करणाऱ्यालाच मिळतं. आधीपासून तुमच्या उत्तराची वाट पाहणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.