छत्तीस जिल्ह्यांची एकत्र खात्री

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. देशातल्या ७०७ जिल्ह्यांत मिळून सुमारे ६ लाख ३७ हजार घरांची माहिती गोळा झाली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे घरं. असा अहवाल आला की आपल्याकडे लगेच क्रमवारी लागते. कुपोषणात कोणता जिल्हा शेवटचा, लसीकरणात कोणता पहिला, आणि मग पालकमंत्र्यांना प्रश्न. या क्रमवारीवर किती भरवसा ठेवायचा, हे नमुना किती मोठा घेतला यावर ठरतं. पण एका जिल्ह्यापुरता पुरेसा असलेला नमुना सगळ्या जिल्ह्यांसाठी एकदम पुरत नाही.

आधी एकच जिल्हा घेऊ. कुठल्याशा प्रश्नाला ४२ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं, तर संख्याशास्त्रज्ञ नुसता ४२ सांगत नाही. तो म्हणतो, खरा आकडा ३७ ते ४७ या पट्ट्यात आहे आणि माझी खात्री ९५ टक्के आहे. हाच कॉन्फिडन्स इंटरव्हल. याच पद्धतीने शंभर वेळा नमुना काढला, तर साधारण ९५ वेळा पट्टा खऱ्या आकड्याला पकडेल आणि पाचेक वेळा चुकेल, एवढाच त्या खात्रीचा अर्थ. पट्टा पाच टक्के कमी-जास्त इतका अरुंद हवा असेल, तर ३८५ माणसं विचारावी लागतात. हा हिशेब उत्तर अर्धंअर्धं विभागलं जाईल असं धरून केलेला असतो, कारण नमुना सर्वांत मोठा लागतो तो त्याच परिस्थितीत.

आता महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत प्रत्येकी ३८५ माणसं विचारली. प्रत्येक पट्टा चुकण्याची शक्यता पाच टक्के, म्हणजे छत्तीसांतले सरासरी १.८ पट्टे चुकणार. छत्तीसही बरोबर निघण्याची शक्यता ०.९५ चा छत्तिसावा घात, जेमतेम १६ टक्के. बरं, चुकलेले कोणते ते पाहून कळत नाही. त्यातून वाचक आणि पत्रकार आकडे बघितल्यावर बोट ठेवतात ते टोकाच्या जिल्ह्यावर, आणि नशिबाने खाली किंवा वर ढकलले गेलेले आकडे टोकालाच जमतात. एरवी ९५ टक्के असलेली खात्री निवडून काढलेल्या टोकासाठी उरत नाही. म्हणून वचनच वेगळं हवं: छत्तीसही पट्टे एकाच वेळी बरोबर असण्याची खात्री ९५ टक्के.

यावरचा उपाय इटालियन गणितज्ञ कार्लो बोनफेरोनी यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचं या विषयावरचं लेखन १९३६ चं आहे. अनेक पट्ट्यांसाठी तो पद्धतशीर वापरून दाखवला अमेरिकेतल्या ऑलिव्ह जीन डन या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी, १९६१ साली. युक्ती इतकी साधी की गणित नको असलेल्यालाही पटावी. निदान एक तरी पट्टा चुकण्याची शक्यता ही सगळ्यांच्या चुकण्याच्या शक्यतांच्या बेरजेपेक्षा जास्त असूच शकत नाही. मग एकूण पाच टक्के चूक छत्तीस जणांत वाटून द्या. प्रत्येकाच्या वाट्याला ०.१४ टक्के येते, म्हणजे प्रत्येक पट्टा ९५ ऐवजी सुमारे ९९.८६ टक्के खात्रीचा करायचा.

खात्री वाढवली की पट्टा रुंदावतो. तो पुन्हा पाच टक्क्यांवर आणायचा तर नमुना वाढवणं आलं. किती, ते एका गुणकावर ठरतं. ९५ टक्क्यांसाठी तो १.९६ असतो. छत्तीस पट्ट्यांसाठी स्प्रेडशीटमध्ये एवढं लिहायचं:

```
=NORM.S.INV(1-0.05/(2*36))
```

उत्तर येतं ३.१९७. नमुना या गुणकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ३८५ चे होतात १,०२३. राज्यभरात १३,८६० माणसांऐवजी ३६,८२८.

पावणेतीनपटीच्या जवळचा हा खर्च ऐकून आयोजकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मला मात्र तो स्वस्त वाटतो. पट्टे छत्तीसपट झाले, पण प्रत्येक जिल्ह्याचा नमुना तिपटीपर्यंतही गेला नाही. ७०७ जिल्ह्यांसाठी हाच हिशेब केला तर गुणक ३.९७ च्या आसपास येतो आणि जिल्ह्यामागे साधारण १,५८० माणसं लागतात, एकट्या जिल्ह्याच्या चौपटीहून थोडी जास्त. घंटेच्या आकाराच्या आलेखाची शेपटी फार झपाट्याने निमुळती होत जाते. त्यामुळे चूक अनेक पटींनी कमी करायला मधल्या भागापासून थोडंच पुढे सरकावं लागतं.

बोनफेरोनीची रीत गरजेपेक्षा जास्त सावध आहे, अशी टीका नेहमी होते. जिल्ह्यांचे नमुने एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर जरा काटेकोर सूत्र वापरता येतं. ते वापरलं की १,०२३ चे १,०१८ होतात. पाच माणसं वाचली! सावधपणा खरोखर महाग पडतो तो पट्टे एकमेकांत गुंतलेले असतात तेव्हा, म्हणजे त्याच माणसांना जवळजवळ सारखेच प्रश्न विचारले असतील तर.

आणि प्रत्यक्षात गाडं अडतं तेही प्रश्नांपाशीच. नमुना ठरतो छत्तीस पट्टे धरून. मग प्रश्नावली छापायला जाण्याआधी एक खातं दोन प्रश्न घालतं, दुसरं तीन, आणि अहवालात दहा निर्देशांक प्रत्येक जिल्ह्यासाठी छापले जातात. पट्टे झाले ३६०, गुणक ३.८१. तेवढ्याच १,०२३ माणसांवर पट्टा आता पाच नव्हे, सहा टक्के कमी-जास्त इतका रुंद होतो. अहवालात तरीही पाचच छापलेले असतील, तर हिशेबात प्रश्न धरलेले नाहीत हे ओळखावं. तपासणं अवघड नाही: छापलेल्या पट्ट्याची अर्धी रुंदी घ्या, शेजारी दिलेल्या प्रमाण त्रुटीने भागा. १.९६ आलं, तर प्रत्येक पट्टा सुटा आहे आणि एकत्र खात्री कुणी दिलेलीच नाही.

वरचे सगळे आकडे चिठ्ठ्या टाकून सुटी माणसं निवडली असं धरून आहेत. खऱ्या सर्वेक्षणात आधी गावं निवडतात आणि एकेका गावात वीस-बावीस घरं घेतात. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे नवी माहिती कमी मिळते. यासाठी नमुना दीडपट-दुप्पट करावा लागतो, आणि ती वाढ बोनफेरोनीच्या वाढीवर पुन्हा गुणून घ्यायची असते. दुसरी अडचण विरळ गोष्टींची. दोन टक्के लोकांतच आढळणारी बाब हजारांत वीसच जणांत सापडते. तिथे शेपटीतलं, ९९.८६ टक्क्यांचं गणित या घंटेच्या आलेखावर सोडणं धोक्याचं ठरतं. विल्सनच्या नावाची किंवा द्विपदी वितरणावरून थेट काढलेली पट्टा-रीत वापरावी.

हे सगळं प्रत्येकासाठी नाही. नंदुरबारच्या आरोग्य अधिकाऱ्याला फक्त नंदुरबारचा आकडा हवा असेल, आणि तो कोणता हे त्याने आकडे येण्याआधीच ठरवलेलं असेल, तर ३८५ चा हिशेब त्याला पुरतो. शेजारच्या पस्तीस जिल्ह्यांच्या चुकीचा भार त्याने का वाहावा? क्रमवारी छापणाऱ्याने मात्र वाहायलाच हवा. त्याबदल्यात त्याला एक फायदाही मिळतो: एकत्र खात्रीच्या ज्या दोन जिल्ह्यांचे पट्टे एकमेकांना शिवत नाहीत, त्यांतला वरचा-खालचा फरक बेधडक सांगता येतो, आणि जोड्या ६३० असल्या तरी वेगळी दुरुस्ती लागत नाही.

पैसा तेवढा नसेल तर पट्टे कमी करावेत. जिल्ह्यांऐवजी कोकण ते नागपूर असे सहा महसुली विभाग धरले, तर गुणक २.६४ होतो आणि विभागामागे सुमारे ७०० माणसं पुरतात. सगळी मिळून ४,२००.