घोड्यावरचा राजा आणि चौथऱ्यामागचा हात

अश्वारूढ पुतळ्यांबद्दल एक समजूत सगळीकडे ऐकू येते. घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वार लढाईत पडला, एक उचललेला असेल तर जखमांनी गेला आणि चारही जमिनीवर असतील तर त्याला अंथरुणावर मरण आलं. शिल्पकारांमध्ये असा कुठलाही नियम नाही. सेंट पीटर्सबर्गमधल्या झार पीटर पहिल्याचा घोडा मागच्या दोन पायांवर उभा आहे. पीटर मात्र १७२५ मध्ये आजारपणाने वारला.

घोड्याचे पाय ठरतात ते वजनावरून आणि पुतळा उभारणाऱ्याच्या इच्छेवरून. दोन पायांवरच्या घोड्याचा सगळा भार मागच्या बारीक घोट्यांवर येतो आणि पुढचा भाग त्याला खाली खेचत राहतो. माद्रिदमधल्या फिलिप चौथ्याच्या १६४० च्या पुतळ्यात पिएत्रो ताका या शिल्पकाराने घोड्याच्या शेपटीलाच तिसरा आधार केलं. पीटरचा पुतळा घडवणाऱ्या फाल्कोनेने पुढचा भाग पातळ ओतला, मागचा जड ठेवला आणि टाचेखाली चिरडलेला साप असा बसवला की शेपूट त्याला टेकेल. बघणाऱ्याला तो साप म्हणजे पीटरचे शत्रू वाटतात, पण घोडा तोलून धरण्याचं कामही तोच करतो. उसळलेलं जनावर आणि त्याच्यावर शांत बसलेला स्वार, एवढ्यातच राजाची हुकमत सांगून होते.

पण ही हुकमत कुणाला हवी होती? चौथऱ्यावर लॅटिन आणि रशियन भाषांत कोरलंय: पीटर पहिल्यास कॅथरीन दुसरीकडून, १७८२. कॅथरीन जन्माने जर्मन राजकन्या. १७६२ मध्ये नवऱ्याला पदच्युत करून ती गादीवर आली होती, त्यामुळे रक्ताच्या नात्याने तिचा गादीवर हक्क नव्हता. म्हणून फिनलंडच्या आखाताजवळून एक अवाढव्य ग्रॅनाइटचा खडक पितळी गोळ्यांवरून ओढत आणून तिने पीटरला त्याच्यावर चढवलं आणि आपलं नाव त्याच्या नावाशेजारी कोरलं. पुतळा पीटरचा असला तरी गरज कॅथरीनची होती.

रोममध्ये याची उलटी बाजू दिसते. सम्राट मार्कस ऑरेलियसचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा दुसऱ्या शतकातला. त्याच्या हातात शस्त्र नाही, पायाखाली रिकीब नाही, फक्त उजवा हात पुढे केलेला आहे. त्या काळातले असे बहुतेक पुतळे पुढे वितळवले गेले. हा वाचला, कारण मध्ययुगात लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत होते. पॅरिसमध्ये वॉन्दोम चौकातल्या चौदाव्या लुईच्या अश्वारूढ पुतळ्याला मात्र कुठलाच गैरसमज तारू शकला नाही. १७९२ मध्ये क्रांतिकारकांनी तो खाली ओढला.

सत्ता दाखवायला चेहरा लागतोच, असं मात्र नाही. चीनच्या सम्राटांनी शतकानुशतकं चालवलेल्या तांब्याच्या नाण्यांवर राजाचा मुखवटा नसे, त्याच्या कारकिर्दीचं नाव असे. शिवछत्रपतींच्या शिवराई नाण्यावरही चित्र नाही. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढीच अक्षरं आहेत. इथे राजपद दिसतं ते छत्र, सिंहासन आणि मुद्रा यांत. जहांगीराने मात्र चित्राचा मार्ग धरला. वाळूच्या घड्याळावर बसलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात त्याच्या मस्तकामागे सूर्य-चंद्राचं मोठं तेजोवलय आहे आणि इंग्लंडचा राजा जेम्स पहिला खाली, बाजूला उभा आहे. त्याच्या दरबारात इंग्रज वकील येऊन राहिला होता, त्या काळातलं हे चित्र. कोण मोठा, हे चित्रातल्या जागेनेच ठरवून टाकलंय.

अश्वारूढ पुतळ्याची युरोपीय पद्धत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली. मुंबईतला काळा घोडा म्हणजे तेव्हाचे युवराज असलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा. १८७९ मध्ये बसवलेला हा पुतळा १९६५ मध्ये हलवून भायखळ्याच्या बागेत नेला. पुण्यात विनायक पांडुरंग करमरकरांनी घडवलेल्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण १९२८ मध्ये झालं, तेही गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. १९२१ मध्ये स्मारकाची कोनशिला प्रिन्स ऑफ वेल्सने बसवली होती. ज्यांचं राज्य मराठ्यांना हरवून उभं राहिलं, त्यांनाही या स्मारकात आपला हात दिसायला हवा होता. हे सगळं सांगताना त्या पुतळ्याबद्दल मराठी माणसाला वाटणारा अभिमान कमी होत नाही. एकाच ब्राँझमध्ये किती जणांच्या आकांक्षा ओतलेल्या असतात, एवढंच कळतं.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या घोडेस्वारासमोर उभे राहाल तेव्हा घोड्याचे पाय मोजू नका. चौथरा वाचा. पुतळा कुणी उभारला, कोणत्या साली, कुणाच्या हस्ते आणि त्या वेळी त्यांना कशाची गरज होती, हे आधी विचारा.