हजारी बेचाळीसचा हिशेब

एंडोमेंट पॉलिसी विकताना बोनसचा दर 'हजारी' सांगितला जातो. हजारी बेचाळीस म्हणजे विमा रकमेच्या प्रत्येक हजारामागे वर्षाला 42 रुपये. ऐकणाऱ्याला वाटते, 42 रुपये दरवर्षी जमा होत राहणार आणि त्यावरही वाढ होत जाणार. तसे होत नाही. हा बोनस मूळ विमा रकमेवरच मोजतात, आधी जमलेल्या बोनसवर नव्हे. बँकेच्या मुदत ठेवीत व्याजावर व्याज चढते, इथे वीस वर्षे तोच आकडा पुन्हा पुन्हा मिळवला जातो.

तीस वर्षांच्या एका नोकरदाराने वीस वर्षांसाठी दहा लाखांची पॉलिसी घेतली आणि वार्षिक हप्ता 50,000 रुपये आहे असे धरू. हजारी 42 प्रमाणे वर्षाला 42,000, वीस वर्षांत 8 लाख 40 हजार बोनस. मुदतीअखेर हातात 18 लाख 40 हजार आणि भरलेले दहा लाख. 'जवळपास दुप्पट' हे वाक्य इथून येते. खरा परतावा पाहायचा तर एक्सेलमध्ये एवढेच टाइप करावे:

```
=RATE(20,-50000,0,1840000,1)
```

उत्तर येते साधारण साडेपाच टक्के. काही पॉलिसींत शेवटी जादा बोनस मिळतो, तो धरला तर दर थोडा वर सरकतो. बोनसचा दर मात्र दरवर्षी नव्याने जाहीर होतो, आजचा दर पुढे राहीलच याची हमी नसते.

आता दुसरी वाट. याच माणसाने एक कोटीचा टर्म विमा घेतला, हप्ता वर्षाला 12,000 धरू. उरलेले 38,000 दरवर्षी म्युच्युअल फंडात. आठ टक्के मिळाले तर वीस वर्षांनी साधारण 18 लाख 80 हजार होतात, म्हणजे एंडोमेंटएवढेच. दहा टक्के मिळाले तर जवळपास 24 लाख, त्यातून भांडवली नफ्यावरचा कर जाईल. एंडोमेंटची रक्कम ठरावीक मर्यादेत करमुक्त असते. फंड विकणारे रंगवतात तेवढी मोठी दरी मला यात दिसत नाही, आणि फंडाच्या परताव्याची हमी तर कोणीच देत नाही.

दरी आहे ती विम्यात. आठव्या वर्षी हा माणूस गेला तर एंडोमेंटमधून घरच्यांना दहा लाख आणि जमा बोनस मिळून साडेतेरा लाखांच्या आसपास मिळतील. टर्ममधून एक कोटी, शिवाय फंडातली तोवरची रक्कम. डोक्यावर गृहकर्ज असलेल्या घराला साडेतेरा लाख कितीसे पुरणार?

युलिपची गत मधली आहे. हप्त्यातून खर्च वजा होऊन युनिट घेतली जातात आणि विम्याची किंमत दरमहा युनिट रद्द करून वसूल होते. सप्टेंबर 2010 पासून खर्चावर मर्यादा आली आणि पाच वर्षे पैसे अडकून राहण्याची अट लागली, त्यामुळे त्याआधीच्या युलिपइतक्या आजच्या महागड्या नाहीत. एका फंडातून दुसऱ्या फंडात पैसे हलवताना कर लागत नाही, हा खरा फायदा. पण विमा बहुधा वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे 50,000 च्या हप्त्यावर पाच लाख. शिवाय अनेक योजनांत मृत्यूनंतर विमा रक्कम किंवा फंडाची रक्कम यांतली मोठी तेवढीच मिळते, दोन्ही नाही.

टर्म-फंडाच्या वाटेत खरी अडचण माणसाचीच आहे. बाजार पडला की एसआयपी बंद करणारे कितीतरी. एंडोमेंटचा हप्ता मात्र पॉलिसी बुडेल या भीतीने भरला जातो.

पॉलिसी आधीच घेतलेली असेल तर हिशेब बदलतो आणि इथे अनेकजण घाईत चुकतात. वरच्याच पॉलिसीत बारा हप्ते भरून पुढचे थांबवले, म्हणजे ती 'पेड-अप' केली, तर विमा रक्कम त्या प्रमाणात घटून सहा लाख होते. बारा वर्षांचा बोनस 5 लाख 4 हजार. बहुतेक योजनांत पुढचा बोनस थांबतो, म्हणजे मुदतीअखेर मिळणार 11 लाख 4 हजार. उरलेले आठ हप्ते, म्हणजे चार लाख, भरले तर 7 लाख 36 हजार जास्त मिळतात. त्या पुढच्या पैशांवरचा परतावा तेरा टक्क्यांच्या वर जातो, कारण शेवटच्या हप्त्यांनाही तितकाच बोनस मिळतो पण ते थोडाच काळ अडकतात. तिसऱ्या वर्षानंतर हाच हिशेब केला तर दर साडेसहाच्या आसपास येतो. म्हणून कोवळी पॉलिसी सोडण्याचा विचार करावा, मुरलेली सहसा चालू ठेवावी.

सोडायचे ठरले तरी आधी कंपनीकडून सरेंडर मूल्य, पेड-अप रक्कम आणि जमा बोनस हे तीन आकडे लेखी घ्यावेत. आणि टर्म पॉलिसी हातात पडेपर्यंत जुना हप्ता चुकवू नये. वैद्यकीय तपासणीत साखर किंवा रक्तदाब निघाला, तर नवी पॉलिसी महाग मिळते किंवा अर्ज फेटाळलाही जातो.